एक म्हणतो सुधारा, दुसरा म्हणतो नाकारा: मग संपादकाने पत्रात काय लिहायचं?

संशोधनाचा पेपर पाठवल्यावर जर्नलकडून लेखकाला निर्णयाचा जो मेल येतो, त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘दोन्ही रिव्ह्यूअरच्या सर्व सूचना विचारात घेऊन सुधारित पेपर ९० दिवसांत पाठवावा.’ बहुतेक वेळा हे वाक्य संपादकाने लिहिलेलंच नसतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘मेजर रिव्हिजन’वर, म्हणजे मोठ्या सुधारणा मागण्यावर, क्लिक केलं की तयार मजकूर उमटतो आणि त्याखाली रिव्ह्यूअरचे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, दोन्ही अभिप्राय जसेच्या तसे चिकटतात. दोघांचा सूर एक असेल तर हे खपून जातं. पण एक म्हणतो ‘हा भाग वाढवा’, दुसरा म्हणतो ‘हा भाग काढून टाका’, तेव्हा ‘सर्व सूचना’ पाळायच्या कशा? निर्णय संपादकाने घ्यायचा असतो, तो त्याने न घेता लेखकाच्या गळ्यात अडकवलेला असतो.

रिव्ह्यूअरचं न जुळणं हा अपघात नाही. २०१० मध्ये ४८ अभ्यास एकत्र करून याची मोजणी झाली. दोन परीक्षकांचं किती जुळतं हे सांगणारा कप्पा नावाचा आकडा असतो. पूर्ण जुळलं तर १, नाणं उडवून ठरवावं इतपतच जुळलं तर ०. त्या मोजणीत तो सरासरी ०.१७ निघाला. म्हणजे संपादकाच्या टेबलावर परस्परविरोधी अभिप्राय येणं ही रोजचीच गोष्ट आहे आणि पत्र लिहायची पद्धतही तेच धरून बसवायला हवी.

त्यात पहिली चूक होते ती सरासरी काढण्याची. एकाने ‘किरकोळ बदल’ म्हटलं, दुसऱ्याने ‘नकार’ म्हटलं, म्हणून मधलं ‘मेजर रिव्हिजन’. जणू दोन परीक्षकांनी दिलेले गुण आहेत. रिव्ह्यूअरची शिफारस हा सल्ला असतो आणि तो फॉर्मवरच्या चार चौकोनांपैकी एकात खूण करून दिलेला असतो. ती खूण प्रत्येक जण आपापल्या सवयीने करतो. एखाद्याच्या लेखी ‘नकार’ म्हणजे पेपर मुळातच चुकला आहे, तर दुसऱ्याच्या लेखी ‘नकार’ म्हणजे शेवटच्या दोन परिच्छेदांनी डोकं उठवलं. खाली लिहिलेला मजकूर वाचल्याशिवाय त्या खुणेला फारसा अर्थ नाही.

खाडीच्या गाळावरचा एक पेपर

हे कसं सोडवायचं ते एका पेपरवर पाहू. जागा खरी आहे, पेपर आणि त्यातली माणसं उदाहरणापुरती बेतलेली आहेत.

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापिकेने ठाणे खाडीच्या पूर्व काठाने, ऐरोलीपासून घणसोली, कोपरखैरणे करत वाशीपर्यंत, १२ ठिकाणी ओहोटीला गाळ गोळा केला. एकदा मे महिन्यात, एकदा नोव्हेंबरमध्ये, असे एकूण २४ नमुने. गाळ वाळवून त्यातला अर्धा ग्रॅम अ‍ॅक्वा रेजियात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, तापवून विरघळवला आणि शिसं, जस्त, तांबं, क्रोमियम हे चार धातू मोजले. निष्कर्ष तीन: औद्योगिक पट्ट्यातून येणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी धातू जास्त आहेत, पावसाळ्यानंतर ते कमी होतात, आणि त्यामुळे खाडीतल्या फ्लेमिंगोंना धोका आहे.

पहिला रिव्ह्यूअर भू-रसायनशास्त्राचा. त्याची शिफारस मेजर रिव्हिजन. त्याचं म्हणणं असं: अ‍ॅक्वा रेजियात गाळ पूर्ण विरघळत नाही, हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरून सगळे नमुने पुन्हा करा, धातूंचे आकडे अ‍ॅल्युमिनियमच्या प्रमाणात मांडा, सांख्यिकी तोकडी आहे, सगळ्या धातूंचे आकडे एकत्र पाहणारं आणखी एक बहुचल विश्लेषण जोडा, आणि पुढील पाच पेपरांचे संदर्भ द्या.

दुसरी रिव्ह्यूअर परिसंस्थांची अभ्यासक. तिची शिफारस नकार. तिच्या मते अ‍ॅक्वा रेजिया अगदी योग्य आहे, कारण जीवांना जे उपलब्ध होऊ शकतं त्याच्या जवळपास जाणारा भाग तोच काढतो. पण एका वर्षाच्या दोन फेऱ्यांवरून ऋतूंबद्दल बोलता येत नाही, फ्लेमिंगोंचा तर एकही मोजलेला आकडा पेपरात नाही, आणि सारख्या आकड्यांची ठिकाणं एका गटात टाकणारं पेपरातलं क्लस्टर विश्लेषण निव्वळ सजावट आहे, काढून टाका.

आता ‘सर्व सूचना विचारात घ्या’ असं पत्र गेलं तर प्राध्यापिकाबाई काय करतील? आम्लाच्या मुद्द्यावर एकाची बाजू घेऊन दुसरीची समजूत काढतील. सांख्यिकी वाढवून पुरवणीत ढकलतील. फ्लेमिंगोंच्या वाक्यात ‘कदाचित’ घालतील. पेपर ६,००० शब्दांवरून ९,००० वर जाईल आणि मुख्य दुखणं तिथेच राहील. उत्तराच्या पत्रात ‘रिव्ह्यूअर २ चं मत वेगळं असल्याने आम्ही दोन्ही पर्याय ठेवले आहेत’ असं वाक्य आलं, तर समजायचं की पहिलं निर्णयपत्र फसलं होतं.

अभिप्राय सुटे करणं

संपादकाने आधी पेपर स्वतः वाचायचा, अभिप्राय नंतर. क्रम उलटा झाला तर पेपर रिव्ह्यूअरच्या डोळ्यांनीच दिसतो. वाचताना एका कागदावर पेपरचे दावे लिहायचे, इथे ते तीन आहेत. मग दोन्ही अभिप्रायांतला प्रत्येक मुद्दा सुटा करायचा. एका परिच्छेदात तीन मुद्दे असतील तर तीन ओळी. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहायचा: लेखिकेने हे केलं नाही, तर तीनपैकी कोणता दावा पडतो? एकही पडत नसेल, तर ती सूचना चांगली असूनही ऐच्छिक आहे. हा प्रश्न विचारला की निम्मी भांडणं तिथेच संपतात, कारण दोघं वेगवेगळ्या दाव्यांबद्दल बोलत होते हे दिसतं.

फ्लेमिंगोंवर पहिल्या रिव्ह्यूअरने काहीच लिहिलेलं नाही. ही संमती नव्हे. तो रसायनाचा माणूस, शेवटचे परिच्छेद त्याने बहुधा वरवर वाचले असतील. त्यामुळे तिथे ‘एक विरुद्ध एक’ अशी लढत नाहीच. एका जाणकाराचं मत आहे आणि दुसऱ्याचं मौन. पेपर उघडून पाहिला की मत बरोबर आहे हे दोन मिनिटांत कळतं: पक्ष्यांचं रक्त, पिसं, खाद्य यांतलं काहीही मोजलेलं नाही. खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ ची, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश २०२२ चा, हा तपशील जागेच्या वर्णनात शोभतो, निष्कर्षात नाही.

ऋतूंचंही तसंच. नोव्हेंबरमध्ये १२ ठिकाणी धातू कमी दिसले म्हणून नमुने १२ झाले, पावसाळा मात्र एकच झाला. त्या वर्षी काठावर भराव पडला असेल, एखादा नाला वळवला असेल, तर तोही ‘पावसाळ्याचा परिणाम’ म्हणून मोजला जाईल. हा दोष दुरुस्त करायला निदान आणखी काही वर्षांची मापं लागतील. ९० दिवसांत पावसाळा परत आणता येत नाही. म्हणून इथे ‘आणखी नमुने घ्या’ असं सांगणं म्हणजे सभ्य भाषेतला नकार. खरा पर्याय एकच: दावा छाटायचा. ‘ऋतुमानानुसार बदल’ जाऊन ‘दोन फेऱ्यांतली मापं’ असं यायला हवं.

आता आम्लाचा वाद. हा मात्र खरा वाद आहे, आणि संपादकाला इथे थोडं खोलात जावं लागतं.

गाळाच्या कणाचा गाभा सिलिकेट खनिजांचा असतो. तो फोडायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं; अ‍ॅक्वा रेजियाने तो पुरता फुटत नाही. बाहेरून येऊन चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटलेला धातू मात्र अ‍ॅक्वा रेजिया बऱ्यापैकी सोडवून घेतं. नाल्यांमुळे किती धातू आला हा प्रश्न असेल, तर गाभ्यातला, मुळात खडकातून आलेला धातू मोजायची निकड नाही. इथवर दुसरी रिव्ह्यूअर बरोबर.

पण पहिल्याच्या मागणीमागची काळजी वेगळी आहे, आणि ती त्याने नीट सांगितलेली नाही. धातू बारीक कणांना जास्त चिकटतात, वाळूला कमी. नाल्याच्या तोंडाशी मऊ चिखल असेल आणि दूरच्या ठिकाणी वाळू मिसळलेली असेल, तर एकही कारखाना नसता तरी नाल्याशी आकडा जास्तच आला असता. अ‍ॅल्युमिनियमशी प्रमाण काढायचं ते याचसाठी: अ‍ॅल्युमिनियम चिकणमातीचं माप म्हणून वापरतात. पण अ‍ॅल्युमिनियम बसलेलं असतं सिलिकेटच्या गाभ्यात, अ‍ॅक्वा रेजिया ते पूर्ण काढतच नाही. म्हणून हायड्रोफ्लुओरिक. म्हणजे त्याच्या दोन मागण्या प्रत्यक्षात एकच साखळी आहेत आणि साखळीच्या टोकाला कणांच्या आकाराचा प्रश्न आहे. दुसरीने या प्रश्नाला हातच लावलेला नाही. आणि पहिला दावा, जो पेपरचा कणा आहे, तो नेमका याच्यावर उभा किंवा आडवा होतो.

हे दिसलं की तिसरी वाट सापडते. कणांच्या आकाराचा फरक घालवायचा दुसरा सरळ मार्ग म्हणजे गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओला चाळायचा आणि फक्त बारीक भागातले धातू मोजायचे. सोबत प्रत्येक ठिकाणी बारीक भाग किती टक्के होता तेही द्यायचं. याला अ‍ॅक्वा रेजिया चालतं. हायड्रोफ्लुओरिक काचही विरघळवतं, त्याला टेफ्लॉनची भांडी लागतात, वेगळी धूरपेटी लागते, अंगावर उडालं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवावं लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये ही सोय नसेल तर ‘पुन्हा करा’ हे दोन शब्द लेखिकेला दुसऱ्या संस्थेच्या दारात उभं करतात. मागणी रास्त असेल तर तेही सांगावं, पण गरज नसताना नव्हे.

एक अपवाद राहतो तो क्रोमियमचा. क्रोमाइट हे खनिज अ‍ॅक्वा रेजियाला दाद देत नाही, त्यामुळे क्रोमियमचा आकडा कमी येणार हे ठरलेलं. तिथे पहिल्या रिव्ह्यूअरचं म्हणणं मान्य करावंच लागेल: एक तर क्रोमियमचं मापन पूर्ण विरघळवून करा, नाही तर क्रोमियम वगळा.

हे सगळं शक्य आहे का, ते संपादकाने पद्धतीच्या भागात तपासायचं. तिथे प्रत्येक ठिकाणी ५०० ग्रॅम गाळ घेतल्याचं लिहिलं आहे आणि वापरला अर्धा ग्रॅम. उरलेला गाळ बाटल्यांत असायला हवा. तो फेकून दिला असेल तर पहिला दावा तपासताच येणार नाही आणि मग निर्णय नकाराचाच योग्य ठरेल. पत्रात हे आधीच विचारलं तर लेखिकेचे तीन महिने वाचतात.

पेपर स्वतः वाचला की कधी कधी दोघांच्याही नजरेतून सुटलेलं काही सापडतं. इथे लेखिकेने ‘प्रदूषित’ ठरवण्यासाठी जगभरच्या शेल खडकाची जुनी सरासरी वापरली आहे. त्यात तांबं किलोला ४५ मिलिग्रॅम धरतात. आपला परिसर दख्खनच्या बसाल्टचा. या खडकात तांबं मुळातच त्याहून जास्त असतं. त्या मोजपट्टीने स्वच्छ गाळही प्रदूषित निघेल. हा मुद्दा संपादकाने पत्रात घालावा, पण स्वतःचा म्हणून. रिव्ह्यूअरच्या तोंडी घालू नये.

पत्र

जर्नलचं पत्र बहुधा इंग्रजीत जातं. मजकूर कळावा म्हणून ते इथे मराठीत मांडलं आहे.

> निर्णय: मेजर रिव्हिजन.
>
> दोन अभिप्राय सोबत आहेत. त्यांच्या शिफारशी वेगळ्या आहेत आणि काही सूचना एकमेकींच्या विरुद्ध जातात. जिथे अभिप्राय आणि हे पत्र यांत फरक दिसेल, तिथे हे पत्र प्रमाण मानावं.
>
> आमच्या समजुतीप्रमाणे पेपरचा मुख्य दावा असा: ऐरोली ते वाशी या पट्ट्यात नाल्यांच्या तोंडाशी गाळातलं शिसं, जस्त आणि तांबं इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. हा दावा प्रकाशनयोग्य ठरू शकतो. ऋतुबदल आणि फ्लेमिंगो यांविषयीचे दावे सध्याच्या मापांवर टिकत नाहीत.
>
> आवश्यक:
>
> १. उरलेल्या गाळाचा ६३ मायक्रॉनखालचा भाग चाळून २४ही नमुन्यांत धातू पुन्हा मोजावेत. अ‍ॅक्वा रेजिया चालेल. प्रत्येक ठिकाणची बारीक भागाची टक्केवारी द्यावी. रिव्ह्यूअर १ ने सुचवलेलं हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि अ‍ॅल्युमिनियमशी प्रमाण याची त्यानंतर गरज नाही. गाळ शिल्लक नसेल तर पुढचं काम सुरू करण्याआधी १० दिवसांत कळवावं. तसं असल्यास पेपर पुढे नेणं कठीण होईल.
>
> २. क्रोमियम एक तर पूर्ण विरघळवून मोजावं, अथवा पेपरमधून वगळावं. दोन्ही पर्याय आम्हाला सारखेच मान्य आहेत.
>
> ३. शीर्षक, सारांश आणि निष्कर्ष यांतून ‘ऋतू’ काढावा. मे आणि नोव्हेंबरची मापं दोन फेऱ्या म्हणून द्यावीत.
>
> ४. फ्लेमिंगोंविषयीचे निष्कर्ष काढावेत. अभयारण्याचा उल्लेख जागेच्या वर्णनात राहू शकतो.
>
> ५. (संपादकाचा मुद्दा) तुलनेसाठी सरासरी शेलऐवजी स्थानिक बसाल्टची प्रकाशित मूल्यं किंवा औद्योगिक पट्ट्यापासून दूरच्या गाळाचा नमुना वापरावा.
>
> ६. क्लस्टर विश्लेषण काढावं. रिव्ह्यूअर १ ने सुचवलेलं आणखी एक विश्लेषण जोडू नये. १२ ठिकाणं आणि तीन-चार धातू यांसाठी सर्व आकड्यांचा तक्ता आणि खाडीच्या लांबीवर मांडलेला एक आलेख पुरेसा आहे.
>
> ऐच्छिक: रिव्ह्यूअर १ ने सुचवलेले संदर्भ. मजकुराशी थेट संबंध असलेलेच घ्यावेत. न घेतल्याने निर्णयावर परिणाम होणार नाही.
>
> सुधारित पेपर रिव्ह्यूअर १ कडे मुद्दे १ आणि २ साठी जाईल. बाकी मुद्दे संपादक तपासतील. मुदत ९० दिवस. हे पत्र स्वीकृतीची हमी नाही.

या पत्राची लांबी दीड पान. बहुतेक संपादक इथेच म्हणतात की इतका वेळ कोणाला आहे. पण फसलेल्या पत्राने वाढलेली एक फेरी दोन रिव्ह्यूअरचे पुन्हा काही तास आणि लेखिकेचे काही महिने खाते.

काही वाक्यांची रचना मुद्दाम तशी आहे. ‘रिव्ह्यूअर १ च्या शंकेचं निरसन करावं’ असं लिहिलं असतं, तर लेखिकेने दोन परिच्छेदांचा खुलासा लिहून दिला असता. ‘गरज नाही’ हे शब्द स्पष्ट लिहिले की ती त्या वाटेला जात नाही, आणि पुढच्या फेरीत पहिला रिव्ह्यूअर ‘हे का केलं नाही’ म्हणाला तर तिला संपादकाचं वाक्य दाखवता येतं. क्रोमियमला दोन पर्याय दिले आणि दोन्ही सारखेच मान्य म्हटलं, कारण तसं न सांगितल्यास लेखक नेहमी खर्चिक पर्यायच संपादकाला आवडेल असं गृहीत धरतात. मुद्द्यांना आकडे दिले, कारण उत्तरही त्याच आकड्यांनी मागायचं आहे.

पत्रात मतांची बेरीज कुठेही नाही. ‘दोनपैकी एका रिव्ह्यूअरने नकार सुचवला असला तरी’ हे वाक्य बरेच जण दिलासा म्हणून घालतात. त्याने लेखक घाबरतो आणि त्याला करण्यासारखं काहीच कळत नाही.

लपलेली टिपणं, तिसरं मत आणि खाडाखोड

रिव्ह्यूच्या फॉर्मवर एक रकाना फक्त संपादकासाठी असतो. तिथे दुसरी रिव्ह्यूअर लिहून जाते, ‘धातूंच्या अचूकतेवर माझा विश्वास नाही, प्रमाणित नमुन्याचे आकडे दिसत नाहीत.’ लेखिकेसाठीच्या भागात मात्र याचा उल्लेख नाही. संपादकाने हे मनात धरून नकार दिला, तर लेखिकेला कारणच कळणार नाही. मुद्दा महत्त्वाचा असेल तर पेपरमध्ये स्वतः तपासावा आणि खरा निघाला तर आपला म्हणून पत्रात घालावा, किंवा रिव्ह्यूअरला विचारून तो लेखिकेच्या भागात हलवावा. इथे एक बारकावा आहे. प्रमाणित नमुना म्हणजे धातूंचं प्रमाण आधीच नेमकं ठरवलेला गाळ, आणि त्यावरचं मूल्य बहुधा संपूर्ण धातूचं असतं. अ‍ॅक्वा रेजियाने मोजल्यावर क्रोमियम त्याहून बरंच कमी येणं स्वाभाविक आहे. संपादकाने हे लिहिलं नाही, तर आकडा कमी दिसतो म्हणून लेखिका तो तक्ताच गाळून टाकेल.

रिव्ह्यूअरचे शब्द बदलू नयेत. अपमानकारक ओळ असेल तर रिव्ह्यूअरला कळवून ती काढता येते; पण नकार मवाळ करण्यासाठी किंवा आपल्या निर्णयाशी जुळवण्यासाठी अभिप्रायाची छाटणी करणं हा सरळ गैरव्यवहार आहे. असहमती दाखवायची जागा म्हणजे संपादकाचं पत्र. पाच संदर्भांची मागणी मात्र आधी उघडून पाहावी. पाचही एकाच लेखकाचे निघाले तर रिव्ह्यूअरची ओळखही फुटते आणि हेतूही. अशा मागणीखाली संपादकाने काही लिहिलं नाही, तर लेखक भीतीपोटी पाचही घालतात.

तिसरा रिव्ह्यूअर कधी बोलवायचा? ‘दोन-एक असा निकाल लावायला’ कधीच नाही. त्याने फक्त आणखी एक मत आणि आणखी काही आठवडे येतात. संपादक वनस्पतिशास्त्राचा असेल आणि आम्लाचा वाद त्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर संपादक मंडळातल्या एखाद्या रसायनशास्त्रज्ञाला पूर्ण पेपर वाचायला न लावता एकच प्रश्न विचारावा: ‘नाल्यांजवळची वाढ दाखवायला ६३ मायक्रॉनखालचा भाग आणि अ‍ॅक्वा रेजिया पुरेसं आहे का?’ अशा प्रश्नाचं उत्तर आठवड्यात मिळू शकतं. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही रिव्ह्यूअरना एकमेकांचे अभिप्राय दाखवून मत विचारणं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ईलाइफ या जर्नलने रिव्ह्यूअरमधली अशी चर्चा पहिल्यापासूनच नेहमीच्या पद्धतीत बसवली. इथेही तसं केलं असतं तर दुसरी रिव्ह्यूअर बहुधा म्हणाली असती की कणांच्या आकाराचा मुद्दा तिच्या लक्षातच आला नव्हता.

तेवढं जमलं नाही तरी निर्णयपत्राची प्रत आणि एकमेकांचे अभिप्राय दोघांनाही पाठवावेत. नकार सुचवूनही पेपर सुधारायला का दिला, हे दुसरीला कळलं पाहिजे. नाही तर पुढच्या वेळी ती आमंत्रणच नाकारते.

परत आलेला पेपर

सुधारित पेपर रिव्ह्यूअरकडे पाठवण्याआधी संपादकाने अर्धा तास स्वतः द्यावा. उत्तराच्या तक्त्यात तीन रकाने हवेत: मुद्दा, काय केलं, कोणत्या पानावर आणि ओळीवर. ‘सुचवल्याप्रमाणे बदल केला आहे’ एवढंच असेल आणि ओळ क्रमांक नसेल तर तिथूनच परत पाठवावं. मग पहिला आकडा पाहायचा तो बारीक भागाच्या टक्केवारीचा. बारीक भागात मोजल्यावरही नाल्यांजवळचं शिसं जास्त राहिलं असेल तर दावा टिकला. फरक पुसला गेला असेल आणि लेखिकेने तसं प्रामाणिकपणे लिहिलं असेल, तर तो वेगळा पण छापण्याजोगा निष्कर्ष आहे, आणि शीर्षक बदलायला सांगावं. फरक पुसला गेला असूनही जुनाच निष्कर्ष ठेवला असेल, तर आता नकार.

पहिला रिव्ह्यूअर या फेरीत नवी मागणी काढू शकतो: ‘पाराही मोजा.’ नव्या आकड्यांतून निघालेली किंवा दावाच पाडणारी चूक दाखवणारी मागणीच या टप्प्यावर घ्यायची. पारा त्यात बसत नाही, आणि वाळवताना किती तापमान ठेवलं यावर तो उडून गेला की राहिला हे ठरतं, त्यामुळे जुन्या नमुन्यांत तो मोजणंही शहाणपणाचं नाही. हे पत्रात एका ओळीत लिहावं.

शेवटी फाइलमध्ये दोन शब्द शोधून पाहायचे, ‘ऋतू’ आणि ‘फ्लेमिंगो’. सारांशातून ते गेलेले असतात, निष्कर्षातूनही. राहतात ते तक्त्याच्या मथळ्यात, कीवर्डमध्ये आणि पहिल्या आकृतीच्या कोपऱ्यातल्या गुलाबी फोटोत.